न घेतलेल्या गाडीचा अपघात

शिवणक्लास चालवणाऱ्या मामी स्पेअर पार्टच्या दुकानात शिरल्या आणि त्यांनी दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या बंपर, हेडलाइट आणि क्लचचे भाव विचारले.

दुकानदार हळहळला. "दोन्ही गाड्या ठोकल्यात?"

"अजून एकही घेतली नाही. पण आमच्या ह्यांचा हात मला ठाऊक आहे. लाल गाडीवर जीव जडलाय त्यांचा, मला पांढरी बरी वाटते."

दुकानदार खो खो हसला आणि खरं बोलला. "लाल गाडीचा हेडलाइट अख्खा बदलावा लागतो, आतला दिवा सुटा मिळत नाही. बंपर मागवावा लागतो, रंगाचे पैसे वेगळे. क्लचचा सेटही महागच. पांढरीचं सगळं इथेच मिळतं, निम्म्या भावात. मात्र क्लचला गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोन्हीकडे लागेल."

मामींनी पांढरी घेतली. मामा आठवडाभर फुगून बसले, "पोरीच्या लग्नातसुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीस!" म्हणाले.

मग एका सकाळी फाटकाकडून धाडकन आवाज आला. मामी चहा गाळत राहिल्या. मामा आत आले आणि लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाले, "काय गं, पांढरी गाडी तशी चांगलीच निघाली, नाही?"