जून-जुलैचे गुण

माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये दर्शना भाटकर राहते. वय एकतीस. आई धोंडूबाई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकते आणि दर्शना मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. बी.एस्सी. झाल्यावर तिला मुंबईच्या नोकरीचं पत्र आलं होतं, पण आई म्हणाली, "समुद्र इथं नि तू तिथं जाऊन काय करणार?" म्हणून ती राहिली. आलेल्या मालाचं तापमान बघणं, वास, डोळे, कल्ले तपासणं, लॉट पास किंवा नापास करणं, हे काम ती नऊ वर्षं करते आहे. तिने नापास केलेला लॉट कुणाच्या फोनने पास झाला, असं मी ऐकलं नाही.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी ती संध्याकाळी साडेसातला आली आणि चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"काकू, तुमचं इंग्रजी चांगलं. हे वाचा आणि मला एक कडक उत्तर लिहून द्या."

"आधी चप्पल काढ. मग कडक चहा देते. उत्तराचं बघू."

कागद वार्षिक मूल्यमापनाचा होता. मी पंचायत समितीत चौतीस वर्षं काढली आणि साहेबांचे गोपनीय अहवाल टंकले. तेव्हा ज्याच्याबद्दल लिहायचे त्याला काही वाईट शेरा असेल तरच कळवायचे. हिच्या हातात तर सगळा अहवाल दिलेला, आणि खाली तिच्या म्हणण्यासाठी चौकटही. मला ते बरं वाटलं. तिला वाटत नव्हतं.

"एकूण पाचपैकी दोन पूर्णांक नऊ," ती म्हणाली. "शिफ्ट इन्चार्जच्या मुलाखतीला तीन लागतात. एका दशांशाने गेलं. मी सहीच करणार नाही."

सहीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ होती. मी ती मोठ्याने वाचली: सही म्हणजे अहवाल वाचल्याची पोच, मान्यता नव्हे. सही शुक्रवारपर्यंत हवी होती.

"ही ओळ मी बघितलीच नाही," दर्शना म्हणाली.

"तू आकडे बघितलेस. आता शेरे बघू."

मी पेन्सिल घेतली. पाच बाबी होत्या आणि प्रत्येकीचं वजन वेगळं. लॉट तपासणीला तीस टक्के, तिथे तीन गुण. स्वच्छता आणि नोंदींना पंचवीस टक्के, चार गुण. कामातल्या सातत्याला वीस टक्के, दोन गुण. वेळेवर अहवाल देण्याला पंधरा, दोन गुण. सहकाऱ्यांशी वागण्याला दहा, तीन गुण. वजनाप्रमाणे गुणून बेरीज केली तर दोन पूर्णांक नऊच येत होते. हिशेब चुकला नव्हता.

मग मी तिला शेऱ्यांखाली रेघा मारायला सांगितल्या. जिथे तारीख, संख्या, घटना आहे तिथे सरळ रेघ. जिथे नुसतं मत आहे तिथे तुटक. सहकाऱ्यांच्या बाबीत शेरा छान आणि गुण तीनच, त्यावरून ती भांडायला निघाली.

"दहा टक्क्यांत एक गुण वाढला तरी एक दशांश मिळतो," मी म्हटलं. "पण त्याला पुरावा काय देशील? साहेबाचं मत आहे ते. जिथे कागद आहे तिथे बोल."

अहवालाच्या बाबीत शेरा असा होता: दैनंदिन अहवाल साडेसहापर्यंत अपेक्षित, वर्षात अकरा वेळा उशीर.

"साफ खोटं. माझा रिपोर्ट कधीच उशिरा गेला नाही."

मी कपाटातून गेल्या वर्षीची डायरी काढली. मी रोज लिहिते. दूध किती आलं इथपासून. चौदा नोव्हेंबर: दर्शना जिन्यात बसून मोबाइलवरून रिपोर्ट पाठवत होती, सात चाळीस. तीन डिसेंबर: पुन्हा तसंच, मी तिला पोहे दिले. वीस डिसेंबर: तेच.

तिने तीन डिसेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. "पोहे आठवतात," ती म्हणाली.

"अकरा मी मोजले नाहीत. पण शून्य नाहीत. आणि ही डायरी कारखान्यात न्यायची नाही हं. ती तुझ्या-माझ्यापुरती."

राहिलं सातत्य. तिथला शेरा मी दोनदा मोठ्याने वाचला: महिना एकशेवीस लॉटचं उद्दिष्ट; जूनमध्ये चौतीस, जुलैमध्ये एकोणतीस; कामगिरीत मोठी घसरण.

तेवढ्यात धोंडूबाई मुलीला जेवायला हाक मारायला आली. तिने ऐकलं आणि दाराच्या चौकटीला टेकली.

"जून-जुलैला बंदी असते मासेमारीला. होड्या वर ओढलेल्या. तुझा साहेब काय स्वतः पोहून मासळी आणणार होता काय गो?"

"आई, हेच लिहिणार आहे मी. अस्संच."

"लिही की. खाली माझं नाव घाल."

दर्शनाचे साहेब हितेश नोव्हेंबरमध्ये बदलून आले, नाशिककडच्या भाजी गोठवणाऱ्या कारखान्यातून. तिकडे वर्षभर काही ना काही येत असणार. त्यांनी बारा महिन्यांचा आलेख पाहिला आणि त्यात दोन खड्डे दिसले. खड्डे खरेच होते.

"आधीच्या साहेबांनी उद्दिष्टं ठरवली तेव्हा काही लिहिलं होतं?" मी विचारलं.

तिने मोबाइलमध्ये शोधलं. मागच्या एप्रिलचा उद्दिष्टांचा कागद सापडला, दोघांच्या सह्यांचा. त्यात स्पष्ट होतं: दहा महिने, दरमहा एकशेवीस, जून-जुलैत शीतगृहातल्या साठ्याची फेरतपासणी आणि नव्या मुलींचं प्रशिक्षण. दोन्ही कामं झाली होती, त्यांच्या तारखा तिच्या रजिस्टरमध्ये होत्या.

ती उठलीच. "आता बघतेच त्यांना."

"बस. ते खोटं बोलले नाहीत, त्यांना हा कागद दिसला नाही. तू त्यांना दाखवायचा आहेस, हरवायचं नाही."

चहा दोनदा झाला. धोंडूबाई जेवण झाकून ठेवून परत आली आणि तिचं वाक्य कागदावर आलं नाही म्हणून रुसून बसली. मी खोडत गेले, दर्शना लिहीत गेली. 'अन्याय' हा शब्द तीनदा आला आणि तीनदा गेला. शेवटी चौकटीत इतकंच उरलं:

"अहवाल उशिरा गेल्याची नोंद मला मान्य आहे. यापुढे तो कारखान्यातून निघण्यापूर्वी पाठवीन. सातत्याच्या गुणांचा फेरविचार व्हावा, ही विनंती. जून व जुलै मासेमारी बंदीचे महिने असून त्या काळासाठी वेगळी कामे ठरली होती. उद्दिष्टांचा कागद व रजिस्टरची पाने सोबत जोडली आहेत. उरलेल्या दहा महिन्यांत एकाही महिन्यात तपासणी एकशेवीसच्या खाली नाही. याबाबत भेटीसाठी वेळ द्यावा."

"एवढंच?" ती म्हणाली. "फार मऊ झालं."

"परत वाच. यातलं कुठलं वाक्य त्यांना खोडता येईल?"

तिने वाचलं. मग रजिस्टरची पानं उद्या कुठे झेरॉक्स करायची, ते विचारलं.

गुरुवारी भेट झाली. ती सांगते ते असं: साहेबांनी आधी तिचं पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्चीत जरा मागे टेकले. मग उद्दिष्टांचा कागद उलटसुलट पाहिला. "मी जुन्या युनिटचा तक्ता वापरला. बंदीचं माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले. दर्शनाच्या तोंडावर आईचं वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं. सातत्याचे दोनाचे तीन झाले, बदलाखाली साहेबांनी आणि मनुष्यबळ विभागाने सही केली. एकूण तीन पूर्णांक एक. अहवालाचे दोन तसेच राहिले आणि तिने ते वाढवून मागितले नाहीत.

मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. इन्चार्जची जागा तिलाच मिळेल असं नाही, आणखी दोघं आहेत. पण यादीत तिचं नाव आहे.

आजची नोंद: दर्शना सात वाजता आली. जिन्यात न थांबता सरळ वर गेली. रिपोर्ट सहा वीसला गेला, असं तिने न विचारता सांगितलं. धोंडूबाईने बांगडे दिले, चार.