बानोनं डोलावलेली मान

भोरच्या नूरुद्दीन मणियारांची धाकटी लेक बानो हिला स्वतःच्या कानांचा भारी अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. बाप बांगड्यांची पेटी घेऊन वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर फिरायचा तेव्हा लहानपणी ती त्याच्याबरोबर जायची, त्यामुळे डोंगरातल्या बायकांची बोली तिला चांगली उमगायची. भोरच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर पुण्याच्या एका आरोग्य संस्थेनं तिला कामाला घेतलं ते याच जोरावर. बायकांशी बोलायचं, परवानगी घेऊन बोलणं टेपवर घ्यायचं, आणि घरी येऊन शब्द न् शब्द वहीत उतरवायचा, हे तिचं काम. टेप थांबवायची, मागं घ्यायची, पुन्हा ऐकायची. अब्बा म्हणायचे, "एवढं लक्ष देऊन तू माझं बोलणं कधी ऐकलं न्हाईस."

संस्थेच्या प्रमुख डॉक्टर रत्नाताई. पन्नाशीच्या, घाईच्या, चष्मा कायम डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. त्यांचा अभ्यास असा होता की बाळंतपणानंतर काही दुखलंखुपलं तर धनगरवाड्यांवरच्या बायका दवाखान्यात का जात नाहीत. बानोनं वर्षभरात बावीस बायकांशी बोलून घेतलं. त्यातल्या अकराजणींच्या बोलण्यातून एक मोठाच मुद्दा निघाला होता. बायकांच्या अंगात येतं, त्या दुखण्याला देवीचं मानतात, म्हणून दवाखाना टाळतात. रत्नाताईंनी इंग्रजीत लेख लिहिला आणि एका मासिकाला पाठवून दिला.

दोन हजार दोनच्या जानेवारीत मासिकाचं उत्तर आलं. लेख चांगला आहे, पण अभ्यासाची पद्धत सांगणारा भाग लंगडा आहे. 'आम्ही विश्वासार्हता राखली' असं एक वाक्य लिहून भागणार नाही. राखली म्हणजे नेमकं काय केलं? प्रश्न विचारणारी बाई कोण, तिच्या असण्यानं उत्तरांवर काय परिणाम झाला? आणि बायकांच्या बोलण्यापासून तुमच्या निष्कर्षापर्यंतची वाट दाखवा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही त्या वाटेनं चालून बघता येईल. मुदत तीन महिने.

रत्नाताईंनी बानोला पुण्याला बोलावलं आणि मूळ लेखातला तो भाग मराठीत वाचून दाखवला. "निष्कर्ष सहभागी स्त्रियांना परत सांगून त्यांची खात्री करून घेण्यात आली."

बानो चुळबुळली. "ताई, हे कधी केलं आपण?"

"नाही केलं?"

"ठरलं हुतं. पण पावसात वरच्या वाटा बंद झाल्या, आणि मग राहूनच गेलं."

रत्नाताईंनी चष्मा शोधायचं सोडून दिलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. "योजनेत होतं म्हणून मी झालं असं लिहून टाकलं की गं! एवढी शिकलेली बाई मी. आता सांग, वाक्य काढायचं की काम करायचं?"

"काम करू," बानो म्हणाली. तिला कसली धास्ती? तिचा कान पक्का होता.

भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी, मार्गासनीला उतरून मिळेल तो टेम्पो, आणि गुंजवणे गावाच्या पुढं दीड तासाची चढण, असं करून ती धनगरवाड्यावर पोचली. आक्काबाईंच्या अंगणात सात-आठ बायका जमल्या. आक्काबाई वाड्यावरच्या सगळ्यात थोरल्या, म्हशींना आणि सुनांना एकाच आवाजात हाकणाऱ्या. बानोनं कुणाचंही नाव न घेता, सगळ्यांचं मिळून काय निघालं ते वाचायला घेतलं. दवाखाना लांब आहे, बायकांनी माना हलवल्या. तिथं पुरुष डॉक्टर असतो, पुन्हा माना हलल्या. "बाळंतपणानंतर मोळी उचलली की बायकांच्या अंगात येतं, त्या ते देवीचं मानतात..."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग चंद्राबाई नावाची तरणी बाई पदर तोंडात कोंबून जी हसत सुटली, ती बघून बाकीच्याही सुटल्या. एकजण तर उठून गोठ्याआड जाऊन हसून आली.

"अगं माजे बाये," आक्काबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मोळी उचलल्यावर कुटली देवी येती? अंगात येतं ते देव्हाऱ्याम्होरं. आमचं आंग येतं. भाईर येतं."

बानोला तरीही कळेना. चंद्राबाईंनी तिला बाजूला नेलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. बाळंतपणानंतर चार दिवसांत पुन्हा ओझी उचलायची, मग गर्भाची पिशवी खाली सरकते, बाहेर येते. ती हातानं आत सारून पुन्हा कामाला लागायचं. "मला बी हाय. तीन वर्सं झाली."

बानोचा चेहरा पडला. ज्या कानांची ती एवढी बढाई मारायची, त्यांनी अख्ख्या वाड्याचं दुखणं देव्हाऱ्यात नेऊन बसवलं होतं! टेपवर 'आंग येतं' आलं की तिनं वहीत बेधडक 'अंगात येतं' असं शुद्ध करून लिहिलं होतं. अंगणात परतून तिनं आक्काबाईंना विचारलं, "मावशी, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू मान डोलवत हुतीस की! म्हनलं, पोरीला कळलं. आनि लगीन न झालेल्या पोरीला ह्याच्यापरीस खोलून कसं सांगावं?"

उतरताना बानोला स्वतःची डोलणारी मान आठवत राहिली. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं. तिनं मनात धरलं होतं की हे देवाचं काहीतरी आहे. आपण मुसलमानाची पोरगी, दुसऱ्यांच्या देवाबद्दल कशाला खोदून विचारायचं? वाईट दिसेल. म्हणून पुढचा प्रश्न कधी विचारलाच नाही. अदब म्हणून गप्प राहिली आणि त्या अदबीपायी चुकली.

घरी आल्यावर तिनं वही उघडली. अकरा ठिकाणी ते शब्द होते, तिच्याच वळणदार अक्षरात. नवी वही आणून पानं पुन्हा लिहून काढली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. कॅसेटी तिच्याच कपाटात होत्या. चूक सांगावी तर नोकरी जाणार, अशी तिची खात्री होती. जिला कान आहेत म्हणून घेतली, तिनं कानच फुकट घालवले म्हटल्यावर ठेवणार कोण? तिनं नवी वही विकतही आणली, हे लपवण्यात अर्थ नाही.

अब्बांनी ती वही पाहिली आणि विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. नूरुद्दीननी शांतपणे ऐकलं. "मी चाळीस वर्सं त्या बायांच्या हातात बांगड्या भरतोय. भरताना बांगडी पिचली तर हातात तशीच ठेवून पुढं जातो का? काढतो, दाखवतो, दुसरी भरतो. लपवली तर हात त्यांचा कापतो." मग ते जेवायला बसले, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी बानो जुनीच वही घेऊन पुण्याला गेली आणि रत्नाताईंसमोर रडत रडत बोलून मोकळी झाली. रत्नाताईंनी पाणी दिलं. "तू टेपवर चुकलीस. मी तर न केलेलं काम केलं म्हणून छापायला पाठवलं होतं. तुला काढायचं तर आधी मला निघावं लागेल. चल, टेप लाव."

पुढचे सहा आठवडे दोघींनी बावीसच्या बावीस मुलाखती पुन्हा ऐकल्या. एकमेकींचं न बघता, वेगवेगळ्या बसून, कुठल्या बोलण्याचा काय अर्थ त्याच्या खुणा केल्या, आणि मग त्या ताडून पाहिल्या. अकरापैकी आठ जणींचं दुखणं पिशवीचं निघालं. दोघींच्या मात्र खरोखरच अंगात येत होतं; तेही बानोनं तसंच ठेवलं, एका बाजूची चूक सुधारताना दुसऱ्या बाजूला कलायला नको म्हणून. एका टेपवर दोघींचं जमेना. रत्नाताई म्हणायच्या देवी, बानो म्हणायची पिशवी. शेवटी त्या मुलाखतीतल्या बाळाबाईंनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "दोनी बी."

जुना शब्द कुठंही खोडरबरानं पुसला नाही. त्यावर वाचता येईल अशी एक रेघ, शेजारी नवा शब्द, तारीख, कुणी बदलला आणि का बदलला. निष्कर्ष कसा बदलत गेला त्याचीही वेगळी टिपणं. चूक झाकायला आणलेली नवी वही या कामी आली.

त्यातून लेखाचा गाभाच बदलला. बायका देवीमुळे दवाखाना टाळत नव्हत्या. दुखणं सांगायला बाई डॉक्टर नव्हती आणि बाळंतिणीला मोळीपासून सुटका नव्हती, म्हणून टाळत होत्या.

उरला पद्धतीचा भाग. रत्नाताईंनी लिहिलं की मुलाखती घेणारी स्त्री भोरची, अविवाहित, मुस्लिम, वडील बांगडीवाले. त्या ओळखीमुळे दारं उघडली, आणि त्याच ओळखीमुळे काही प्रश्न विचारायचे राहिले. चूक कशी झाली, वाड्यावर परत गेल्यावर कशी सापडली, काय काय पुन्हा तपासलं, सगळं सविस्तर. मग त्यांनी विचारलं, "नुसतं 'एक कार्यकर्ती' लिहू, की नाव घालू? नाव घातलं तर चूकही तुझ्या नावावर जाईल."

बानोनं रेघा मारलेली जुनी वही पुढ्यात ओढली. "घाला. माझं ऐकणं खरं मानायचं का, हे वाचणाऱ्याला ठरवायचंय ना? मग मी कोण ते कळू दे."

लेख छापून आला. मासिकाच्या तपासनिसानं लिहिलं होतं की पद्धतीचा भाग वाचला आणि पुढच्या निष्कर्षांवर भरवसा बसला. त्याआधीच रत्नाताईंनी ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना वेल्ह्याला आणून बायकांना तपासून घेतलं होतं. चंद्राबाईंना पिशवी वर धरून ठेवणारी रिंग बसवली. दोघीजणी ऑपरेशनला पुण्याला गेल्या.

छापलेला लेख घेऊन बानो वाड्यावर गेली आणि पद्धतीचा भाग तिनं मराठीत सांगितला. आक्काबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "आमची नावं हायती ह्यात?"

"न्हाई मावशी. तुमची गुप्त ठेवायची असत्यात."

"आनि तुजं?"

"माजं हाय."

"चुकलीस म्हनून?"

"व्हय."

आक्काबाईंनी कागद नीट घडी करून तिच्या हातात दिला. "हितं धरनाची मापं घेनारे आले, माणसं मोजनारे आले, ढोरं मोजनारे आले. लिवून घेतलं आनि गेले. आमी बोललो ते बराबर लिवलंय का, म्हनून इचारायला डोंगर चढून परत आलेलं पयलं मानूस तू."

बानोला रडू फुटलं, आणि तिनं ते लपवलं नाही. चंद्राबाई आतून चहा घेऊन आल्या, बशीसकट तिच्या हातात देऊन शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "टेप आनलाय का? मला अजून एक सांगायचंय."