अर्ध्याचा हिशोब

कारखान्यातल्या लॅबवाल्या बाईंना सगळे पाठीमागे शंकासूर म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यांना ते वावगंही वाटत नव्हतं. दुधात पाणी आहे का, वाण्याचा काटा नीट आहे का, धाकट्या बहिणीचा नवरा खरंच ऑफिसच्या कामाने उशिरा येतो का, अशा सगळ्याच गोष्टी त्या एकाच नजरेने बघत. नवरा म्हणायचा, "तू देवाकडे गेलीस तरी आधी त्याचं ओळखपत्र मागशील." यावर बाई हसत नसत. मागायला काय हरकत आहे, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असे.

कारखाना लोखंडी सामानाला जस्ताचा मुलामा देणारा. मुलामा चढवायच्या आधी गंज काढायला सामान आम्लाच्या टाकीत बुडवतात, आणि ते आम्ल किती तीव्र आहे हे सांगणं बाईंचं काम. आम्ल पाण्यात मिसळून तयार ठेवायचे ते स्टोअरवाले भावजी. नुसते म्हणायला नव्हे, बाईंचे सख्खे दीर. आधीच्या नोकरीत गोदामातला माल कमी भरला म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. सिद्ध काहीच झालं नाही, पण वर्षभर कुणी दारात उभं करेना. शेवटी नवऱ्याने गळ घातली, म्हणून बाईंनी साहेबांकडे शब्द टाकला. शब्द टाकला आणि त्या दिवसापासून एक डोळा भावजींवर ठेवला.

त्या सकाळी फोरमन कपाळावर आठ्या घालून लॅबमध्ये आला. "बाई, गंज निघत नाहीये. आम्ल पाणचट आहे. तुमच्या दिरांनी काहीतरी घोळ घातलाय."

"माझे दीर असले म्हणून काय झालं? नमुना घेऊन या," बाई म्हणाल्या.

फोरमनने स्टोअरमधल्या तयार आम्लाची बाटली आणून दिली. बाईंनी त्यातलं आम्ल मोजून दहापट पातळ केलं. पिपेट आधी त्याच आम्लाने विसळून घेतली, मग पंचवीस मिलिलिटर शंकूपात्रात सोडलं, रंग बदलून सांगणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटच्या खुणा असलेल्या नळीतून आम्ल मारणारं कॉस्टिकचं द्रावण सोडायला सुरुवात केली. पहिली फेरी अंदाजाची, त्यात हात जरा सैल सुटला आणि गडद गुलाबी झालं : कॉस्टिक लागलं २४.९ मिलिलिटर. ती बाजूला. पुढची सावकाश, शेवटी थेंबाथेंबाने, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत : २४.००. मग २४.४५. बाईंनी नाक मुरडलं. हा आकडा आधीच्याशी जुळणारा नव्हता, म्हणून पुन्हा दोनदा केलं : २३.९५ आणि २४.०५. आता तीन आकडे एकमेकांशी जुळले. फक्त त्या तिघांची सरासरी घेतली : २४.००.

पुढचं गणित बाई झोपेतही करत. कॉस्टिक लिटरला पाव मोल, म्हणजे चोवीस मिलिलिटरमध्ये ०.००६ मोल. त्याचं अर्धं ०.००३ मोल आम्ल. ते पंचवीस मिलिलिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.१२, आणि मूळ आम्ल दहापट, म्हणजे १.२. हवं होतं २.४. बाई खुर्चीत मागे रेलल्या. बरोबर निम्मं! म्हणजे निम्मं आम्ल बाहेर विकलं आणि तेवढंच पाणी ओतलं.

राग आला, आणि रागाच्या बुडाशी एक वाईट समाधानही होतं : बघा, मी म्हणत नव्हते?

साहेब ऐकून म्हणाले, "तुम्हीच आणलंत, तुम्हीच सांगा. आजच्या आज चाव्या घ्या."

स्टोअरमध्ये भावजी एका कॅनचं झाकण घट्ट करत होते. बाईंना बघून ते पटकन उठले, आणि ते पटकन उठणंही बाईंना संशयास्पद वाटलं.

"भावजी, किती पाणी घातलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच, वहिनी. का?"

"खरं सांगा. आम्ल निम्मं भरतंय. मी एकदा नाही, तीन-तीनदा मोजलंय. आकडे खोटं बोलत नाहीत."

भावजींचा चेहरा उतरला. त्यांनी ना आवाज चढवला, ना शपथ घातली. "मागच्या ठिकाणीही असंच म्हणाले होते," एवढंच बोलून त्यांनी कमरेच्या चाव्या काढून टेबलावर ठेवल्या.

चाव्या घेऊन बाई लॅबकडे निघाल्या. खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संशय काही त्यांच्या हुकमात नव्हता. जिन्यातच तो उलटून त्यांच्याकडे बघायला लागला. बरोबर निम्मं? एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही? चोरी करणारा माणूस घाईघाईने कॅन उपसतो, बादलीने पाणी ओततो. तो काय पिपेट घेऊन चोरी करतो?

बाईंनी लॅबचं दार लोटलं आणि कागद पुढ्यात ओढला. मोजणी तपासली, ती बरोबर होती. सरासरीही बरोबर. मग नजर त्या "अर्धं" शब्दावर गेली आणि तिथेच अडकली.

इतकी वर्षं त्या टाकीत सल्फ्युरिक आम्ल असे. त्याच्या एका मोलला कॉस्टिकचे दोन मोल लागतात, म्हणून निम्मं करायचं. मात्र या महिन्यापासून साहेबांनी हायड्रोक्लोरिक मागवलं होतं. ते कॉस्टिकशी एकास एक. बाईंना हे माहीत होतं, बाटलीवर तसं लिहिलेलंही होतं, तरी सवयीने हात निम्म्याकडे गेला. मोजणी त्यांनी पुन्हापुन्हा केली होती, हिशोब मात्र एकदाच. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या बाईंनी स्वतःच्या बोटांवर कधी घेतलाच नव्हता. ०.००६ मोल कॉस्टिक, तेवढंच आम्ल, लिटरला २.४. भावजींनी चोख आम्ल बनवलं होतं.

त्या धावतच साहेबांकडे गेल्या आणि चूक सगळी सांगितली. साहेब त्यांना घेऊन टाकीपाशी आले. टाकीत पडलेला एक पत्रा फोरमनने उचलला, तर आम्ल त्यावर पसरेना, नुसते थेंब होऊन घरंगळत होतं. सामानाचं तेल धुऊन न काढताच नवे कामगार ते आम्लात टाकत होते. आम्ल बिचारं काय करणार? फोरमन मान खाजवत राहिला. साहेब म्हणाले, "चला, मिटलं." आणि निघूनही गेले.

मिटलं कसलं! बाई स्टोअरमध्ये आल्या तेव्हा भावजी डबा पिशवीत भरत होते.

"चुकलं माझं, भावजी. आम्ल ठीक आहे. हिशोबात मीच चुकले." बाईंनी चाव्या पुढे केल्या.

भावजींनी लगेच हात पुढे केला नाही. "वहिनी, विचारायला आलात खऱ्या, पण माझं उत्तर तुम्ही लॅबमध्येच ठरवून आला होतात."

बाईंनी चाव्या तशाच पुढे धरून ठेवल्या.

"दादाला यातलं काही सांगणार नाही," भावजी म्हणाले आणि चाव्या घेतल्या. "पण यापुढे माझ्या आम्लाचा नमुना काढाल तेव्हा मी समोर असणार. आणि हिशोब मांडताना शेजारी बसणार."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. स्टुलावर बसले, हाताची घडी घालून. बाईंनी ब्युरेट भरली, थेंब सोडले, जुळणारे आकडे घेतले आणि सरासरी काढली.

"आता?" भावजींनी विचारलं.

"आता कॉस्टिकचे मोल. आणि आम्ल तेवढंच, एकास एक."

"निम्मं नाही ना करायचं?"

"नाही."

"नक्की?"

आवाजात राग नव्हता. कुचकेपणाही नव्हता. फक्त नजर त्यांच्या बोटांवरून हलत नव्हती. साधा आकडा लिहूनही बाई तो पुन्हापुन्हा तपासू लागल्या, आणि भावजी इतके दिवस त्या स्टोअरमध्ये कसं काम करत असतील, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.