दुसरा मजला, खोली नंबर नऊ, फिटरच्या नावाने

पोस्टाच्या पायऱ्यांशी घडीचं टेबल टाकून बसणाऱ्या त्या माणसाला सगळे मजलेमास्तर म्हणत. कारण गिऱ्हाईक टेबलाशी उभं राहिलं, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मजला?"

"अहो, आधी मजकूर तर ऐका!"

"मजकूर काय, रडून लिहा नाहीतर हसून लिहा, पोचला तर उपयोग. मजला सांगा. तळमजला धरून दुसरा, की सोडून? खोलीचा नंबर? आणि खोली कुणाच्या नावावर? तुम्ही राहता ते ठीक, पण नाव कुणाचं?"

हे सगळं तो असं विचारी, जणू भरल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचाय. टाक धरलेला हात मात्र देवघरातल्यासारखा हलका. आधी ज्याला पत्र जायचं त्याचं नाव, खाली 'द्वारा' लिहून खोली ज्याच्या नावावर त्याचं नाव, मग मजला, मग खोली, मग चाळीच्या मालकाचं नाव. त्या मालकाला जाऊन जमाना झाला असला तरी चाळ त्याच्याच नावाने ओळखली जाई. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत येणारी-जाणारी निम्मी पाकिटं त्याच्या अक्षरातली. बाहेरगावी राहणाऱ्या नातलगांसाठी लोक त्याच्याकडून आपल्याच पत्त्याची पाकिटं लिहून नेत, म्हणजे उत्तर येताना घोटाळा नको.

घोटाळ्याचं कारण साधं होतं. त्याच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर खोल्यांचे नंबर एकपासून सुरू होत. म्हणजे नऊ नंबरच्या खोल्या तीन. तळमजल्यावरच्या नवात शिंपी, पहिल्यावरच्या नवात सुईण, आणि दुसऱ्यावर तो. मजला राहिला, की पत्र शिंप्याच्या हातात. आणि शिंपी कापड बेतण्याआधी पत्र वाचणारा माणूस.

दुसऱ्या मजल्यावरची खोली मात्र मास्तरची नव्हती. ती फिटरची. गिरणीतला हा धिप्पाड, एकटा जीव. पंचविशीतल्या मास्तरला त्याने कोपरा दिला तेव्हा एकच अट घातली होती.

"राहा हवं तेवढं. पण तुझं नाव पाकिटावर दिसता कामा नये. डाक खाली जिन्यातल्या फळीवर पडते, मालकाचा दिवाणजी येता-जाता चाळतो. दुसरं नाव दिसलं, की पोटभाडेकरू ठेवला म्हणून दोघंही रस्त्यावर."

"मग आईनं पत्र कुठं घालायचं मामा?"

"माझ्या नावानं घाल म्हणावं. मला कोण लिहितंय? आलं की तुझंच."

मास्तर दरवर्षी गावी जाताना पाकिटांचा गठ्ठा लिहून नेई. फिटरचं नाव, दुसरा मजला, खोली नंबर नऊ. आईला अक्षर येत नव्हतं. शेजारची मुलगी आत चार ओळी लिही आणि पाकीट डाकेत टाकी. आत नाव नसेच. 'बाळ, तब्येत जप' एवढंच. सरकारदरबारचे कागदही मास्तरने गावच्याच पत्त्यावर राहू दिले. उगाच इथलं नाव कुठं उमटायला नको.

फिटर शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळला. त्याचं हगणंमुतणं, औषधपाणी मास्तरनेच केलं. तो गेला, तिरडी मास्तरनेच बांधली. मागे कुणी वारस नव्हता. भाड्याची पावती फिटरच्या नावाने येत राहिली, विजेचं बिलही. दिवाणजी म्हातारा झाला होता. त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं. आईची पत्रं मेलेल्या माणसाच्या नावाने येत राहिली आणि पुढे एका वर्षी तीही थांबली. गठ्ठ्यातली चार पाकिटं न वापरताच उरली. ती मास्तरने परत आणून पेटीत ठेवली.

मास्तर त्या खोलीत आल्याला अशी तीस-बत्तीस वर्षं झाली. मग चाळ विकली गेली. नवा मालक ती पाडणार, आणि जुन्या राहणाऱ्यांना नव्या इमारतीत जागा देणार असं ठरलं. यादी करायला एक कारकूनबाई आली. चष्मा कपाळावर, बोलणं मऊ. नऊ नंबरच्या दारात ती स्टुलावर बसली.

"काका, पावतीवरचे गृहस्थ?"

"वारले."

"तुम्ही त्यांचे कोण?"

मास्तर म्हणाला, "मी इथं राहतो."

"कधीपासून, ते कागदावर दाखवावं लागेल. तुमच्या नावाचं काहीही चालेल. बिल, पावती, जुनं पाकीट, पोस्टाचा शिक्का असलेलं. हा पत्ता आणि तुमचं नाव. एवढंच."

शिंपी जिन्यातून वर आलाच होता. "बाई, ह्याला पाकीट मागता? अहो, मासळीला पाणी मागितल्यासारखं झालं! मास्तर, काढ की पेटी!"

मास्तरने पेटी काढली. त्रेसष्ट पाकिटं. बाईने एकेक उलटून पाहिलं. तारखा स्पष्ट, शिक्के स्पष्ट, मजला, खोली, सगळं जागच्या जागी. नाव प्रत्येकावर फिटरचं.

"ही त्यांची पत्रं आहेत काका."

"माझ्या आईची आहेत. आत वाचा. बाळ म्हणजे मी."

"बाळ कुणीही असेल हो." तिला बोलताना कसंतरी झालं. "आणि पत्त्याचं अक्षर?"

"माझं. बघा ना, माझंच आहे!" मास्तरचा आवाज चढला.

बाईने पिशवीतून खालच्या खोल्यांतून गोळा केलेली पाकिटं काढून पेटीशेजारी ठेवली. सुईणीची, शिंप्याची, कोपऱ्यातल्या विधवेची. सगळ्यांवर तेच वळणदार अक्षर.

"ह्या अक्षरावरून तुम्ही चाळीतल्या प्रत्येक खोलीत राहत होतात असं सिद्ध होईल," ती हळू म्हणाली.

शिंपी पहिल्यांदाच हसला नाही. "बाई, मी सांगतो, आम्ही सगळे सांगतो. फिटरचं ह्यानंच केलं सगळं."

"तोंडी चालत नाही दादा. मला कागद लागतो." तिने रकाने भरले. दुसरा मजला, खोली नऊ, भाडेकरू मयत. खाली सध्या राहणाऱ्याचं नाव विचारलं. मास्तरने सांगितलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत ते नाव उच्चारण्याची ही पहिलीच वेळ होती. आधी नीट ऐकू न आल्याने बाईला पुन्हा विचारावं लागलं.

दीड महिन्याने पोस्टमन फळीकडे न वळता थेट दुसऱ्या मजल्यावर आला. धापा टाकत म्हणाला, "मास्तर, तुमच्या नावाचं रजिस्टर! मी ह्या बीटवर बावीस वर्षं आहे, पण तुमच्या नावाचं आजच बघतोय. सही करा."

मास्तरने सही केली आणि पाकीट खिडकीपाशी नेलं. सवयीने आधी पत्ता तपासला. नाव पूर्ण. मजला आहे. खोली आहे. चाळीच्या मालकाचं नाव आहे, नव्या. काही राहिलं नव्हतं, काही चुकलं नव्हतं. मग फोडलं. अनधिकृत राहणाऱ्याने तीस दिवसांत खोली रिकामी करावी.

शिंपी दारात उभा होता. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाला, "अरे, पण मास्तर... आता तर तुझ्या नावाचं पाकीट आलं की! हेच दाखव तिला."

"शिक्क्यावरची तारीख बघ. तिला जुनं हवंय," मास्तर म्हणाला.

शिंप्याने पाकीट उलटून शिक्का पाहिला आणि विचारलं, "जाशील कुठं? गावी?"

"गावचं घर पडलं. भाचा आहे एक, लांबचा."

"पत्ता दे मला. पत्र घालीन. नाहीतरी मला तुझी सगळी पत्रं वाचायची सवय आहे."

मास्तर टेबलाशी बसला, टाक बुडवला. आईकडून परतलेल्या चार न वापरलेल्या पाकिटांतलं एक काढून त्याने फिटरचं नाव आडव्या रेघेने खोडलं, मजला खोडला, खोली खोडली. वर स्वतःचं नाव लिहिलं. खाली 'द्वारा' लिहिलं आणि भाच्याचं नाव घातलं.

पुढे टाक थांबला. शाई टोकाशी जमून एक थेंब पाकिटावर पडला.

"मजला?" शिंप्याने विचारलं.

"माहीत नाही रे," मास्तर म्हणाला. "त्यानं कधी बोलावलंच नाही."