टिफिन

माझी माय शेवटपर्यंत एकच गोष्ट म्हणत राहिली, की लेण्या पाहून ये आणि मला सांग. तिला स्वतःला जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून तिचे गुडघे गेले होते, आणि बसमध्ये तिला उलटी व्हायची. घराच्या भिंतीवर भगवान बुद्धांचा फोटो होता. त्याच्याखाली बसून ती म्हणायची, "अजिंठ्याले म्हंतात दगडात कोरून ठेवलं हाय समदं. तू मास्तरीन हायेस, तुले नेतीन कवातरी. पाह्य अन् मले सांग."

म्हणून त्या वर्षी हेडमास्तरांनी सहल औरंगाबादला न्यायची ठरवली, तेव्हा मी मनातल्या मनात लेण्या पाहूनही आले होते. आमची मराठी माध्यमाची शाळा मावला गावाच्या अंगाला, आदिलाबाद शहर जिथं संपतं तिथं. तोवर सहली नेहमी हैदराबादला नाहीतर नागार्जुनसागरला जायच्या, आणि त्यांची सगळी उस्तवार मी करायची. लॉजवाल्यांना तेलुगूत पत्रं लिहायची, मुलींच्या हॉलला आतून कडी आहे का, बाथरूम किती, बसच्या ड्रायव्हरला झोपायला जागा कुठं, हे सगळं विचारून घ्यायचं. पण हैदराबादला पाठवण्यासारखी दुसरी बाई शाळेत होती, आणि मी दर वेळी दहावीच्या वर्गाला बांधलेली. हा नंबर माझा होता. निदान मी तसं धरून चालले होते.

त्याच वर्षी ती नवी शिक्षिका आली. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून नागपूरहून इकडं आलेली, आणि आमच्याकडे मानधनावर शिकवायला लागलेली. मी पर्मनंट, ती आज आहे उद्या नाही. तरी तिचा मला इतका हेवा वाटायचा की मी तिच्या साडीच्या निऱ्यासुद्धा मोजत बसायची. तिचं मराठी कसं, तर रेडिओवर बातम्या लागल्यासारखं. मी वर्गात "आमी" म्हटलं की ती बाजूच्या वर्गातून ऐकायची, आणि मधल्या सुट्टीत गोड हसून म्हणायची, "बाई, आम्ही. म वर ह." मला वाटायचं, तुझा तो ह घाल चुलीत. मुलं मला बाई म्हणायची आणि तिला मॅडम. चार महिन्यांत माझ्या हाताखाली वाढलेल्या पोरी वेणीत तिच्यासारखी एकच क्लिप लावायला लागल्या.

हेडमास्तर तेलुगू माणूस, करीमनगरकडचे. वागायला सरळ, पण मराठी कळत नाही म्हणून मराठीला फार घाबरायचे. त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "हॉटेल महाराष्ट्रा में है. मराठी में कोटेशन मँगाना." मी पदर सावरून पुढं झाले. त्यांनी कागद तिच्यासमोर सरकवला.

"इनका मराठी असली मराठी है," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं काय मग, नकली? माझ्या आईनं, तिच्या आईनं जे बोललं ते काय बाजारातून उसनं आणलेलं? पण ऑफिसात तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. हेडमास्तर त्यांच्या हिंदी-तेलुगूत सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मुलं इतकी, मुली इतक्या. दोघांसाठी वेगळ्या मजल्यावर डॉर्मिटरी. मुलींसोबत एक लेडी टीचर, मुलांसोबत एक मास्तर. अजिंठा सोमवारी बंद, म्हणून मंगळवारी पहाटे सहाला बस निघणार. त्याआधी साडेपाचला अर्ली टिफिन. तिनं मान डोलवत सगळं सुंदर अक्षरात उतरवलं आणि वाचून दाखवलं. "कृपया आपले दरपत्रक सत्वर पाठवावे" असं ती वाचत होती तेव्हा हेडमास्तरांना एक अक्षर कळत नव्हतं, पण चेहऱ्यावर भजन ऐकल्याचा भाव. मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरं सांगायचं तर शेवटची चार वाक्यं मी रागाच्या भरात ऐकलीच नाहीत.

दोन आठवड्यांनी हॉटेलचं उत्तर आलं. ऑफिसातल्या शिपायानं सवयीनं ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी आधी तिचं नाव कुठं आहे ते पाहिलं, मग दर पाहिले, आणि मग एका ओळीवर थांबले.

त्यात लिहिलं होतं की विद्यार्थ्यांना पहाटे साडेपाचला डबा मिळेल. पोळी, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. डबे रात्रीच बांधून ठेवले जातील. त्याखाली बारीक अक्षरात होतं की नाश्ता हवा असल्यास सकाळी आठनंतर, त्याचा दर वेगळा.

मला हसू फुटलं. मोठ्यांदा हसले मी एकटीच. आमच्याकडे, म्हणजे आंध्र प्रदेशात, टिफिन म्हणजे सकाळचं गरम खाणं. इडली, उपमा, पुरी, जे असेल ते. अंगणवाडीतल्या पोरालाही ते माहीत असतं. पण नागपूरच्या माणसाला टिफिन म्हटलं की डबा दिसतो. हेडमास्तर म्हणाले टिफिन, आणि असली मराठीवालीनं त्याचं शुद्ध मराठीत भाषांतर केलं डबा! हॉटेलवाल्यानं बिचाऱ्यानं मागितलं ते दिलं. म्हणजे पोरं पहाटे रात्रीची गार पोळी हातात घेऊन बसमध्ये बसणार, ती पोळी दुपारची म्हणून ठेवणार, आणि तीन तास उपाशी घाट बघत जाणार.

तेवढंच नाही. शिक्षिकेची सोय "स्वतंत्र खोलीत, तिसऱ्या मजल्यावर" दिली होती. मुलींची डॉर्मिटरी पहिल्या मजल्यावर. तिनंच मागितलं असणार स्वतंत्र. मुलींवर लक्ष कोण ठेवणार, तिची क्लिप?

मी ते घेऊन तडक ऑफिसात गेले, ती तिथं बसलेली असताना. वाट पाहून, एकटं गाठून सांगता आलं असतं. पण मला ते सगळ्यांसमोरच सांगायचं होतं.

"सार, ये लोग टिफिन नहीं दे रहे, डब्बा दे रहे," मी म्हणाले. आणि एकेक ओळ समजावून दिली.

ती लाल झाली. "पण टिफिन म्हणजे डबाच ना?" ती म्हणाली. "मी तर शब्दाला शब्द लिहिलं."

"इकडं नाय होत तसं," मी म्हणाले. "इकडं राह्यचं तर इकडचं शिकावं लागते, मॅडम." इतक्या दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "आप बात करो. अब्बीच्."

बसस्टँडच्या समोरच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही तिघंही गेलो. मी आत काचेच्या खोक्यात, हेडमास्तर दारात पाय अडकवून उभे, आणि ती बाहेर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ. मला वाटत होतं, बघ आता.

फोनवर हॉटेलचे मॅनेजर होते. मी सांगितलं, "आमाले डबा नाही पाह्यजे. टिफिन पाह्यजे. गरम."

"टिफिन म्हणजे डबाच की," ते म्हणाले.

"नाही हो, सकाळचा, उपमा-पोहे असते तो."

"अहो, मग नाश्ता म्हणा ना!" ते हसले. "इतक्या पहाटे आमचं स्वयंपाकघर उघडत नाही. पण एवढी मुलं असतील तर आचाऱ्याला लवकर बोलावतो. एकच पदार्थ मिळेल, पोहे आणि दूध, मोठ्यांना चहा. पक्का आकडा मला आदल्या संध्याकाळी लागेल."

मी सगळं धसास लावलं. आचारी लवकर येण्याचे वेगळे पैसे घेऊ नका, त्याबदल्यात डबे रद्द करतो, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. शिक्षिकेची खोली नको, मुलींच्या डॉर्मिटरीतच दाराजवळचा पलंग द्या, किल्ली रात्री तिच्याजवळ राहील, आणि त्या मजल्यावर रात्री पुरुष नोकर चढणार नाही. तो पलंग ते मोफत द्यायला तयार झाले. नवीन कोटेशन लिहून पाठवतो म्हणाले.

"कुठून बोलताय आपण?" त्यांनी विचारलं.

"आदिलाबाद."

"अच्छा, आंध्रातून! पण मराठी छान येतं हो तुम्हाला."

 मी नुसतंच हो म्हटलं.

"मुक्कामाला येणाऱ्या मॅडमचं नाव सांगा. तसं कोटेशनवर घालतो."

मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. हेडमास्तरांनी दारातून हात हलवला, आणि बोट रसाच्या गाड्याकडे केलं. "वो मॅडम," ते म्हणाले. "आप का टेन्थ क्लास है. और वहाँ बात करने को उनका मराठी अच्छा पडता."

काचेतून मी तिच्याकडे पाहिलं. ती पदराने मान पुसत होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. मीटर पडत होता. "हॅलो, हॅलो," मॅनेजर म्हणत होते. मग मीच तिचं नाव सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा, एकेक अक्षर सोडवून सांगितलं.

सहल अजिंठ्याला गेली त्या मंगळवारी मी दहावीला भूमिती शिकवली. माझ्या पोटात दिवसभर दुखत होतं, आणि ते सगळं हेव्याचं दुखणं होतं. त्या दोन दिवसांत मी देवाधर्माची नसूनही मनात म्हटलं असेल, पाऊस पडो, बस बिघडो, पोहे करपोत. काही झालं नाही. सगळं मी ठरवलं तसंच्या तसं पार पडलं, हे मला ती परतल्यावर हेडमास्तरांनी कौतुकानं सांगितलं. कौतुक तिचं.

ती आली आणि माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे मुलांना गरम खायला मिळालं." मनापासून म्हणाली, तेही मला सहन झालं नाही.

आईला मात्र लेण्या सांगायच्या होत्या, आणि मी काय सांगणार? आठवीतली एक मुलगी आमच्याच गल्लीत राहायची, सहलीला जाऊन आलेली. मी तिला घरी बोलावलं. फोटोखाली आईसमोर बसून ती सांगायला लागली. आडवे झोपलेले एवढे मोठे बुद्ध, त्यांच्या पायाशी रडणारी माणसं, अंधारात बॅटरी धरली की भिंतीतून डोळे दिसतात. आई हात जोडून ऐकत होती. मी दाराशी उभी होते.

मध्येच आईनं विचारलं, "उपाशी तं नाही ठेवलं तुमाले?"

"नाही आजी," मुलगी म्हणाली. "आम्ही पहाटेच नाश्ता केला होता."

आम्ही, म वर ह. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"काय केल्ता म्हंते?"

"टिफिन, माय," मी म्हणाले. "टिफिन केल्ता त्यायनं."

"मंग टिफिन म्हन ना, पोरी," आई म्हणाली, आणि मुलीला जवळ ओढून तिनं तिच्या वेणीतली क्लिप नीट बसवली.