मायनस वनचा घोळ

मी शिकवताना चिडते. हे घरच्यांना माहीत आहे, आणि कामशेतजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात कळतं. लोणावळ्याहून सकाळची गाडी पकडायची, दिवसभर लॅब घ्यायच्या, घसा बसेपर्यंत समजावायचं, आणि एवढं करून पोरांनी जर्नलमध्ये भलतंच काही लिहिलं की माझं डोकं फिरतं. म्हणून मी एक मॅन्युअल तयार केलं होतं. प्रत्येक प्रोग्रॅम हवा तसा छापलेला. जर्नलमध्ये तोच उतरवायचा आणि तोंडी परीक्षेत तोच सांगायचा. सात वर्षं ते बिनबोभाट चाललं.

त्यातला नवव्या नंबरचा प्रोग्रॅम नाण्यांचा. ठरावीक किमतीची नाणी हवी तेवढी आहेत, त्यांतून एखादी रक्कम कमीत कमी किती नाण्यांत देता येईल, ते काढायचं. फळ्यावर मी नेहमी एक, तीन आणि चारची नाणी घ्यायचे आणि रक्कम सहा. पोरं लगेच मोठ्या नाण्याला हात घालतात, चार, एक, एक, झाली तीन नाणी. मग मी दाखवायचे की तीन आणि तीन, दोनच नाण्यांत काम होतं. तेव्हा सगळे पर्याय बघायलाच हवेत. सहामधून एक, तीन किंवा चारचं एक नाणं काढा, उरलेल्या पाच, तीन आणि दोनचं उत्तर याच रीतीनं काढा, त्यातलं सगळ्यात लहान घ्या आणि त्यात एक मिळवा. हे झालं साधं रिकर्शन.

यात गोची अशी की तेच तेच पुन्हा काढलं जातं. सहाचं झाड फळ्यावर काढलं तर त्यात दोन हा आकडा चार वेळा येतो. म्हणून मेमोआयझेशन, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर टिपून ठेवणं; पोरं त्याला नुसतं मेमो म्हणतात. प्रत्येक रकमेसाठी एक रकाना ठेवायचा, सुरुवातीला सगळीकडे मायनस वन, म्हणजे 'अजून काढलेलं नाही'. उत्तर निघालं की रकान्यात टाकायचं. पुढच्या वेळी मायनस वन सोडून दुसरं काही दिसलं तर तेच उचलायचं. आणि रक्कम जमतच नसेल तर उत्तर मायनस वन द्यायचं, असं मी मॅन्युअलात लिहिलं होतं.

आता वाचणाऱ्याला दिसलं असेल. मला सात वर्षं दिसलं नाही, कारण माझ्या नाण्यांत कायम एकचं नाणं असायचं. एकचं नाणं असलं की कुठलीही रक्कम जमतेच. जमत नाही असा प्रसंगच कधी आला नाही.

तो आला परवाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत. बाहेरचे परीक्षक पुण्याकडच्या कॉलेजातून आले होते, शांत गृहस्थ. समोर बेडशाची एक मुलगी बसली होती. घरी भातशेती, घरातली इंजिनिअरिंगला आलेली पहिली. तिला एका कंपनीची ऑफर मिळाली होती, पण एकाही विषयात केटी नको, म्हणजे नापास होऊन विषय राहायला नको, ही अट. तिच्या चिठ्ठीत नववा प्रोग्रॅम निघाला. आजवर सगळे विषय सुटलेले, हाच शेवटचा.

परीक्षकांनी नाणी दिली चार, सहा आणि दहाची. रक्कम एकशे नव्व्याण्णव. सगळी नाणी सम, रक्कम विषम, म्हणजे ती जमणारच नाही. तिनं साधं रिकर्शन चालवलं. ते अडकलं, ते अडकायचंच होतं. मग मेमोचा प्रोग्रॅम चालवला. तोही अडकला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, पडद्यावर नुसता कर्सर.

"मग मेमो ठेवून फायदा काय झाला?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं तो प्रोग्रॅम बंद केला आणि मॅन्युअलातली तिसरी रीत चालवली, खालून वर भरत जाणाऱ्या टेबलाची. शून्याला शून्य नाणी, बाकी सगळीकडे अनंत, मग एकपासून एकशे नव्व्याण्णवपर्यंत ओळीनं प्रत्येक रकान्यात तीन नाणी तपासायची. जेमतेम सहाशे तपासण्या. विषम रकाने अनंतच राहिले आणि उत्तर लगेच आलं, मायनस वन.

"टेबल पाठ केलेलं दिसतंय," परीक्षक मला हळूच म्हणाले. "मेमो कळलेलं नाही. पास करणं अवघड आहे."

मी पडद्याकडे बघत होते आणि तेव्हा मला उमगलं. विषम रकमेचं उत्तर मायनस वन, ते रकान्यात गेलं, आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅमला वाटलं की हे अजून काढलेलंच नाही. म्हणून पुन्हा काढलं. पुन्हा, आणि पुन्हा. रकाने भरत होते आणि रिकामेच समजले जात होते. एकेक ओळ माझी होती.

"जमत नाही आणि काढलेलं नाही, दोन्हीला एकच आकडा कोणी शिकवला तुला?" परीक्षकांनी तिला विचारलं.

"माझंच चुकलं, सर," ती म्हणाली.

त्यांनी तिचं जर्नल उघडलं. नवव्या प्रोग्रॅमला दोन प्रती होत्या. पहिलीत तिनं 'जमत नाही'साठी रकान्यात मायनस टू ठेवला होता आणि शेवटी छापताना तेवढा मायनस वन केला होता. त्यावर लाल शाईची फुली, बाजूला 'मॅन्युअलप्रमाणे लिहा', खाली माझी सही. दुसरी प्रत मॅन्युअलबरहुकूम. ती फुली मारल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. अशा फुल्या मी रोज मारते.

परीक्षकांनी लाल शाई वाचली. लॅबमध्ये वीस पोरं बसली होती, की-बोर्डचे आवाज थांबले होते. मला गप्प राहता आलं असतं. खरं सांगते, दोन-चार क्षण मी गप्प राहिलेही.

"सर, तिचं बरोबर होतं," मी शेवटी म्हणाले. "मी खोडलं. मॅन्युअल माझं आहे, चूक माझी आहे."

"मग तिला तिचाच प्रोग्रॅम चालवू द्या," ते म्हणाले.

तिनं दोन ठिकाणी आकडा बदलला, छापायच्या ओळीत एक अट घातली आणि बटण दाबलं. उत्तर क्षणात आलं. परीक्षकांनी तिला आणखी दोन प्रश्न विचारले, तिनं धडाधड उत्तरं दिली, आणि त्यांच्या वाट्याच्या पंचवीसपैकी त्यांनी तेवीस लिहिले. ऑफर वाचली.

दुपारी ती जिन्यात भेटली. मी तिला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं ना चूक कुणाची आहे ते? मग खोटं का बोललीस?"

"अर्धे मार्क तुमच्या हातात असतात, मॅडम. मी तुमचं नाव घेतलं असतं आणि तुमी चिडला असता तर?"

मी असं कधी करत नाही, असं तिला म्हणणार होते. पण म्हणता आलं नाही. वर टेबलावर माझा मार्कांचा तक्ता होता, परीक्षा सुरू व्हायच्या आधीच पेन्सिलीनं भरलेला. जर्नलमधल्या लाल फुल्या मोजून मी तिचे तीन मार्क केव्हाच कापले होते.