मूळ कागद भाच्याजवळ

तालुक्याच्या कोर्टात मी वीस वर्षं वकिली करते आहे. इतक्या वर्षांत माझं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं असेल तर ते झेरॉक्सनं. रेशनकार्डाला झेरॉक्स चालते, बँकेत चालते, गॅसवाला तर मूळ कागद दाखवला तर वैतागतो. त्यामुळे पक्षकार माझ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स काढून ठेवतो आणि निर्धास्त होतो. मूळ कागद म्हणजे प्राथमिक पुरावा, झेरॉक्स दुय्यम, आणि मूळ का आणता येत नाही हे आधी दाखवल्याशिवाय दुय्यमाला कोर्ट हात लावत नाही, हे मी रोज कुणाला तरी सांगते. साक्ष्य कायद्याचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, एवढी गोष्ट मात्र बदलली नाही. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

आंधळगावकडची एक म्हातारी माझ्याकडे आली होती. विणकराच्या घरातली. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाकडे परत आली आणि तीस वर्षं त्याच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली. भावानं जाण्याआधी मृत्युपत्र केलं होतं. घर मुलाला, पण मागची खोली बहिणीला तिच्या हयातीपर्यंत. मृत्युपत्र नसतं तर मुलगा जिवंत असताना बहिणीला त्या घरात काडीचाही हक्क नव्हता. सगळं त्या एका कागदावर होतं.

तेरवीच्या दिवशी भावाची कागदपत्रांची पेटी उघडली. घरातले कागद कर्त्या मुलाजवळ राहतात, ही तिथली रीत. आत्यानं मृत्युपत्र स्वतःच्या हातानं भाच्याला दिलं. भाच्यानंही मोठेपणा दाखवला. गाडीला किक मारून गेला आणि तासाभरात तिच्यासाठी झेरॉक्स घेऊन आला. पुढे वर्षभरात घराला गिऱ्हाईक मिळालं, आणि असा काही कागद कधी नव्हताच, असं भाचा म्हणू लागला.

माझ्याकडे येण्याआधी तिनं त्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्काही मारून आणला होता, ‘खरी नक्कल’ म्हणून. मूळ कागद नोटरीनं पाहिलाच नव्हता, म्हणजे झेरॉक्स झेरॉक्सशी ताडून पाहिली होती. मला हसू आलं. तिला वाईट वाटलं.

मी वादपत्र लिहायला घेतलं. मूळ कागद भाच्याजवळ आहे, असं लिहायचं, त्याला तो हजर करण्याची नोटीस द्यायची, त्यानं आणला नाही तर झेरॉक्स पुराव्यात घेण्याची परवानगी मागायची. सरळ रस्ता होता. पण म्हातारी अडून बसली.

“भाच्यानं कागद दाबला असं लिहू नका, बाई. भर कोर्टात त्याले चोर म्हनू काय? माह्या मांडीवर वाढलाय तो. हरवला म्हनून लिहा.”

मी तिला समजावलं, पण अर्ध्या मनानं. बाहेर चार पक्षकार बसले होते. शिवाय मूळ कागद हरवला असेल तरीही कायदा दुय्यम पुरावा घेऊ देतो, आणि त्याला नोटिशीची भानगड नाही, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. संगणकात जुन्या दाव्यातलं वाक्य तयारच होतं. ‘मूळ मृत्युपत्र वादीकडून गहाळ झाले आहे.’ मी ते उचलून चिकटवलं. वाचून दाखवलं. तिनं समाधानानं अंगठा दिला. खोटं आहे हे दोघींनाही माहीत होतं. तिचं मायेपोटी होतं, माझं आळसापोटी. आजही स्वतःचा राग येतो तो या फरकाचा.

तारखेला दोघं एकाच गाडीवरून यायचे. भाचा पुढे, आत्या मागे त्याचा खांदा धरून. घर एकच, वाट एकच, आणि बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही. कोर्टात मात्र तो एका बाकावर, ती दुसऱ्या.

तिची साक्ष सुरू झाली. समोरच्या वकिलानं आवाजही चढवला नाही. कागद कुठून हरवला, कधी, कुठे शोधला, एवढंच विचारलं. म्हातारीला हरवल्याची गोष्ट रचताच येईना. पेटीत होता म्हणाली. मग पेटीतून कुणी काढला? ती माझ्याकडे बघू लागली. साक्षीत मी तिला एक शब्दही सुचवू शकत नव्हते. शेवटी तिच्या तोंडून निघालंच.

“माह्याच हातानं भाच्याले देला.”

मग मी धावाधाव केली. नोटीस काढली. भाच्याचं उत्तर दोन ओळींचं आलं, असं मृत्युपत्र अस्तित्वातच नव्हतं, आणि वादी स्वतःच ते गहाळ झालं म्हणते. वादपत्र दुरुस्त करण्याचा अर्ज टाकला, तर साक्ष सुरू झाल्यावर दुरुस्ती का, ही गोष्ट आधी माहीत नव्हती का, असा प्रश्न आला. माहीत होती. अर्ज फेटाळला गेला.

दुय्यम पुराव्याच्या अर्जावर मी तासभर बोलले. मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता. दुसऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की भावानं त्याच्यासमोर सही केली, त्यानंही केली, पण आत काय लिहिलं होतं ते त्यानं वाचलं नाही. आपल्याकडे साक्षीदार कधी वाचतात? म्हातारीला वाचता येत नव्हतं. झेरॉक्स मूळ कागदावरूनच काढली, हे शपथेवर सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो समोरच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकलं. आदेशात एकही वाकडा शब्द नव्हता. वादपत्र म्हणतं कागद गहाळ, साक्ष म्हणते प्रतिवादीजवळ, आणि दोन्हींपैकी एकही शाबीत नाही. झेरॉक्स कुणी, कशावरून काढली याचा पुरावा नाही. परवानगी नाकारली. इतके दिवस फक्त ओळखीसाठी खूण करून ठेवलेली झेरॉक्स निशाणी, म्हणजे दाव्यातला रीतसर पुरावा, होऊ शकली नाही. मी न्यायाधीश असते तर हेच लिहिलं असतं, आणि म्हणूनच मला कुणावर चिडताही येईना. वरच्या कोर्टात जाता येईल असं मी म्हणाले खरं, पण तिथेही वादपत्र तेच असणार होतं.

व्हरांड्यात मी म्हातारीला समजेल अशा भाषेत सांगितलं. कागद कोर्टानं घेतला नाही, आता दाव्यात जीव उरला नाही, आणि खोली बहुधा सोडावी लागेल. चूक माझीही आहे, हेसुद्धा सांगितलं. ते तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग इकडेतिकडे बघून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, “मंग आता लिहा ना, बाई. भाच्याजवळ हाये म्हनून लिहा. आता माही ना नाही.”

मी म्हटलं, आता लिहिता येत नाही.

फाटकाशी भाचा गाडी सुरू करून थांबला होता. दुपारची बस निघून गेली होती. ती गेली, मागे बसली आणि पडू नये म्हणून तिनं त्याचा खांदा धरला.